फलकासमोर थोडा वेळ

आज मनाला फार लांब न्यायचे नाही. जालना जिल्ह्यातल्या एखाद्या माध्यमिक शाळेच्या ओसरीत जायचे. अंबड तालुक्यातली म्हणा, घनसावंगीतली म्हणा. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर सूचना फलक आहे. त्याच्यासमोर उभे राहा आणि घाई करू नका.

फलकावर आठवड्यापूर्वीचा एक कागद आहे. वार्षिक क्रीडा स्पर्धा, गुरुवार दि. १८ डिसेंबर. धावणे, लांब उडी, खो-खो, कबड्डी. परवा अवकाळी पाऊस झाला आणि आता त्याच्या शेजारी नवा कागद लागला आहे:

«काही अपरिहार्य कारणास्तव क्रीडा स्पर्धा पुढे ढकलण्यात आल्या आहेत. मागील सूचना रद्द समजावी. सुधारित तारीख यथावकाश कळविण्यात येईल.»

हा मजकूर सावकाश दोनदा वाचा. त्यात खोटे काही नाही. तरीही वाचणाऱ्याच्या हाती काय लागते, याचा विचार करा.

आता मनानेच मैदानावर उतरा. इथली जमीन काळी, कापसाची. पाऊस पडला की ती फुगते आणि चिकट होते. दोन दिवस ऊन पडले की वरचा पापुद्रा वाळतो. लांबून मैदान कोरडे दिसते, पण पापुद्र्याखाली ओल तशीच असते. टाच रोवून पाहा. टाच रुतली आणि बुटाला चिखल आला, तर इथे धावणारा मुलगा वळणावर घसरणार. मूठभर माती घेऊन वळा. गोळा होऊन तळहाताला काळा डाग राहिला, तर अजून थांबायला हवे. अशा वेळी रोलर फिरवला तर माती रोलरलाच चिकटते. फक्कीने आखलेल्या रेषाही ओल धरतात आणि पसरतात.

आता मैदानाच्या दुसऱ्या टोकाला या. तिथे मुरूम टाकून दाबलेला पट्टा आहे. खो-खोचे पूर्ण मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते, ते या पट्ट्यात बसते. मुरमातून पाणी लवकर निचरते, म्हणून इथे टाच रुतत नाही. म्हणजे गुरुवारी खो-खो आणि कबड्डी होऊ शकतात, धावणे आणि लांब उडी होऊ शकत नाही. बदल स्पर्धेच्या अर्ध्याच भागात आहे.

इथे थांबा, कारण अडचण नेमकी इथेच आहे. सगळेच पुढे गेले असते तर सूचना सोपी होती. अर्धे हलते आणि अर्धे जागच्या जागी राहते, तेव्हा «मागील सूचना रद्द समजावी» हे ओळखीचे वाक्य घात करते. त्या वाक्याने खो-खोही रद्द होतो. सातवीतली मुलगी ते वाचून गुरुवारी बूट न घालताच येते आणि तिचा संघ एका खेळाडूने कमी पडतो. सूचना लिहिणाऱ्याला एवढेच सांगायचे होते की धावणे पुढे गेले.

आता तिच्याच जागी जाऊन फलक वाचा. तिला पहिली सूचना पाठ आहे, घरी सांगून झाली आहे. आई गुरुवारी कापूस वेचायला जायची नाही म्हणाली होती, म्हणजे एका दिवसाच्या मजुरीवर पाणी. नवा कागद वाचताना ही मुलगी कोऱ्या मनाने वाचत नाही. ती जुन्या कागदावर उभी राहून वाचते. म्हणून बदलाच्या सूचनेत जुनी तारीख आणि नवी तारीख एकाच वाक्यात यावी लागते, आणि जे बदलले नाही तेही तितक्याच ठळकपणे लिहावे लागते. शिस्तीच्या किंवा इतर सूचनांमध्ये हे नसले तरी चालते. बदलाच्या सूचनेत नाही चालत.

वेळेकडेही बघू. उन्हाआधी उरकावे म्हणून नवी वेळ सकाळी आठची ठेवावी, असे एखाद्या शिक्षकाला वाटेल. वाटणे रास्त आहे. पण वाडीवस्तीवरच्या कितीतरी मुली मानव विकासच्या निळ्या बसने येतात आणि ती बस शाळेच्या वेळेला धरून सुटते. आठ वाजता मैदानावर फक्त गावातली मुले असतील. ज्यांना बस आणते त्या मुलींची नावे पुकारली जातील, त्या गैरहजर लागतील आणि फलकावरचा कागद मात्र अचूक दिसत राहील. वेळ ठरवण्याआधी बसची वेळ विचारायची. सूचनेचे खरे काम कागदाला हात लावण्याआधीच सुरू होते.

आता मनातल्या मनात कागद पुन्हा लिहा. वर शाळेचे नाव, जावक क्रमांक, दिनांक. विषय एका ओळीत. मग असे:

«विषय : धावणे व लांब उडी स्पर्धांच्या तारखेत बदल.

इयत्ता ५ वी ते १० वीच्या सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, पावसामुळे मैदान ओले असल्याने गुरुवार दि. १८ डिसेंबर रोजी होणाऱ्या धावणे व लांब उडी या स्पर्धा आता सोमवार दि. २२ डिसेंबर रोजी सकाळी १०.३० वाजता शाळेच्या मैदानावर होतील.

खो-खो व कबड्डीचे सामने ठरल्याप्रमाणे गुरुवार दि. १८ डिसेंबर रोजीच होतील. वेळेत बदल नाही.

ज्यांनी नावे दिली आहेत त्यांनी पुन्हा नाव देण्याची गरज नाही. सोमवारीही मैदान ओले राहील असे दिसल्यास शनिवार दि. २० डिसेंबर रोजी परिपाठात तसे सांगण्यात येईल.

मुख्याध्यापक (सही व शिक्का)»

यातले «पुन्हा नाव देण्याची गरज नाही» हे वाक्य जरा न्याहाळा. ते लिहिले नाही, तर दिवसभर क्रीडाशिक्षकांच्या दाराशी मुले येत राहतात, आणि जी लाजरी आहेत ती येतच नाहीत, आपले नाव गेले असे समजून घरी बसतात. मला हे वाक्य साऱ्या सूचनेत सर्वांत मोलाचे वाटते. कारणही खरे दिले आहे, «अपरिहार्य» म्हणून झाकलेले नाही. पावसात भिजत आलेल्या मुलांपासून पाऊस लपवायचा कशाला? शिवाय कारण कळले की सोमवारी काय होईल याचा अंदाज त्यांना स्वतःलाही बांधता येतो. शेतकऱ्याची मुले ती, वाफसा कधी येतो ते त्यांना ठाऊक असते.

शेवटचा कागद, जुना. तो फलकावर राहू द्यायचा नाही, पण नुसता काढूनही टाकायचा नाही. गैरहजर असलेला मुलगा दोन दिवसांनी येतो, त्याच्या डोक्यात जुनीच तारीख असते आणि नव्या कागदात ती लिहिलेली असल्यामुळे त्याला गोंधळ होत नाही. म्हणून जुना कागद काढून फाइलला लावायचा. सूचना वहीत नवी नोंद करायची, सर्व वर्गशिक्षकांच्या सह्या घ्यायच्या, आणि वर्गावर ती वाचून दाखवायची, कारण फलकापाशी न थांबणारी मुलेही असतात.

मग पाचवीतल्या एकाला जवळ बोलवा आणि विचारा, बाळा, लांब उडी कधी आहे? «सोमवारी.» आणि कबड्डी? तो अडखळला, तर दुसऱ्या परिच्छेदाची पहिली ओळ जाड अक्षरात करून कागद नव्याने लावा.