परिचयातला नेमका मजकूर

पनवेलमध्ये फ्रीलान्स, म्हणजे नोकरी न धरता कामागणिक मोबदला घेऊन, हिशेब लिहिणाऱ्या व्यक्तीच्या परिचयात ‘रिझल्ट-ओरिएंटेड फायनान्स सोल्यूशन्स’ असे शब्द असतील, तर ते विमा एजंटालाही बिनदिक्कत शोभतात आणि दुकानदाराला आपल्या पदरात काय पडेल ते कळत नाही. त्याऐवजी असे लिहिता येते : ‘किराणा व हार्डवेअर दुकानांची बिले टॅलीत चढवून, मासिक विवरण भरणाऱ्यांचे विक्री दाखवणारे जीएसटीआर-१ पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि करभरण्याचे जीएसटीआर-३बी २० तारखेपर्यंत भरले जाते, पुरवठादाराने बिल न दाखवल्याने अडकणारी वजावट आधीच कळवली जाते, लेखापरीक्षण केले जात नाही.’ यातील शेवटचा नकार बहुतेक जण गाळतात, पण सनदी लेखापालाकडे जायचे काम चुकून इकडे येत नाही ते त्यामुळेच.