आलेखाची उजवी बाजू

मा. संपादक यांस,


आपल्या रविवारच्या अर्थपुरवणीत शेअर बाजारावरचा लेख मी नेमाने वाचतो. मिरजगावात माझा भुसार मालाचा व्यापार आहे आणि शेअर्सचीही खरेदी-विक्री मी करतो, त्यामुळे तो लेख माझ्या कामाचा असतो. लेखासोबत निफ्टीचा आलेख छापलेला असतो, त्यावर एक बाण काढलेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं की इथे तेजीचा इशारा स्पष्ट दिसत होता. माझी हरकत ‘स्पष्ट दिसत होता’ या तीन शब्दांना आहे. मे २०२० चा बाजार समोर ठेवून ती मांडतो.

१४ जानेवारी २०२० ला निफ्टी १२,३६२ वर बंद झाला होता. करोनाच्या धास्तीने तो कोसळला आणि २३ मार्चला ७,६१० वर आला. तिथून उसळून ३० एप्रिलला ९,८६० झाला. पुन्हा घसरत १८ मे रोजी एका दिवसात तीनशेहून जास्त अंक गमावून ८,८२३ वर बंद झाला. आज हा आलेख कुणाच्याही हाती दिला तर तो १८ मेवर बोट ठेवून सांगेल की दुसरा तळ पहिल्यापेक्षा वर आहे, म्हणजे मंदी संपली, खरेदीची जागा हीच. मुलाखतींत, क्लासमध्ये हेच शिकवतात.

आता आलेखावर एक कागद ठेवून १८ मेच्या उजवीकडचं सगळं झाका. काय उरलं? पावणेपाच हजार अंकांची पडझड, तिच्या निम्म्याच्या जरा अलीकडे थांबलेली उसळी आणि तिथून पुन्हा जोरदार विक्री. मोठ्या मंदीत मधेच येणारी फसवी उसळी कशी ओळखावी, हे शिकवताना पुस्तकं नेमकं असंच चित्र काढतात. पडझडीच्या पन्नास टक्क्यांच्या आसपास उसळी अडते आणि मग बाजार जुना तळ तोडतो, असा तो धडा. त्या दिवशी टाळेबंदीचा चौथा टप्पा सुरू झाला होता आणि ७,६१० पुन्हा दिसणार असं म्हणणारा माणूस मूर्ख नव्हता. तो आलेख नीट वाचत होता. तीच रेघ दोन्ही गोष्टी सांगत होती. त्यातली एक पुढे घडली आणि दुसरी कुणाला आठवत नाही.

खरी मेख तळ आणि शिखर कशाला म्हणायचं यात आहे. आलेखाच्या सॉफ्टवेअरमध्ये झिगझॅग नावाचं एक साधन असतं. ते किरकोळ चढउतार वगळून फक्त मोठी वळणं जोडतं. दहा टक्क्यांची अट घातली तर भाव शिखरापासून दहा टक्के खाली येईपर्यंत ते त्याला शिखर मानत नाही, आणि तळापासून दहा टक्के वर जाईपर्यंत तळ मानत नाही. बंद भावांवर हिशोब केला तर ३० एप्रिलचं शिखर पक्कं झालं १८ मे रोजी, निफ्टी ८,८७४ च्या खाली गेल्यावर. आणि १८ मेचा तळ पक्का व्हायला निफ्टी ९,७०५ च्या वर बंद व्हायला हवा होता. तो झाला १ जूनला, ९,८२६ वर. म्हणजे दोन आठवडे तो तळ तळ नव्हताच, तो फक्त शेवटचा भाव होता. १ जूनला साधनाने मागे जाऊन १८ मेच्या जागी ठिपका दिला. आज आलेख उघडणाऱ्याला तो ठिपका १८ मेलाच दिसतो, त्यामुळे तो त्याच दिवशी उमटला असं वाटतं. ज्याने पक्कं झाल्यावरच घेतलं त्याची हजार अंकांची तेजी हुकली होती, आणि छापील आलेखातला बाण मात्र ८,८२३ वरच असतो.

अट पाच टक्क्यांवर आणली तर खात्री लवकर होते, पण मग खोटी वळणं वाढतात. हा व्यवहार टाळता येत नाही. उशीर नको असेल तर चुका पत्करा.

नावांचंही तेच. ‘डबल बॉटम’ म्हणायला भावाला दोनदा एका पातळीवर थांबून मधलं शिखर ओलांडावं लागतं. ओलांडलं नाही आणि पातळी तुटली, तर त्या आकृतीला कुणी फसलेला डबल बॉटम म्हणून वहीत लिहून ठेवत नाही. तिला दुसरं नाव मिळतं किंवा मिळतच नाही. असं नापास झालेल्यांचं नाव हजेरीपटातून काढून टाकलं तर शाळेचा निकाल शंभर टक्केच लागणार! पुस्तकातली उदाहरणं अशी शेवट पाहून निवडलेली असतात.

शिकागो विद्यापीठाचे हॅरी रॉबर्ट्स यांनी १९५९ साली यादृच्छिक आकड्यांपासून बावन्न आठवड्यांचे बनावट भाव तयार केले. मागे ना कंपनी ना नफा-तोटा, तरी त्या रेघेत शेअर बाजारासारखे आकार दिसले. माणसाच्या डोळ्याला आकार सापडतोच. आणि निकाल कळल्यावर तो आपल्याला आधीच ठाऊक होता असंही वाटतं. मानसशास्त्रज्ञ बारुख फिशहॉफ यांनी १९७५ साली हे तपासलं. १८१४ च्या इंग्रज-गुरखा युद्धाची माहिती लोकांना दिली आणि वेगवेगळ्या गटांना वेगवेगळा शेवट खरा म्हणून सांगितला. ज्याला जो शेवट सांगितला, त्याला तोच आधीपासून जास्त संभवनीय वाटला. आमच्याकडे यासाठी प्रयोगाची गरज नाही. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, भाव पडले, आणि त्यानंतर बाजारात ‘हे होणारच होतं’ न म्हणणारा माणूस सापडणं कठीण. तेवढं सगळ्यांना माहीत असतं तर कांद्याची चाळ ६ तारखेलाच रिकामी झाली असती.

म्हणून आलेख टाकाऊ आहेत असं मी म्हणत नाही. मी स्वतः रोज पाहतो. अर्थशास्त्रज्ञ अँड्र्यू लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली अमेरिकी शेअर्सच्या १९६२ ते १९९६ या काळातल्या भावांवर हे आकार तपासले. त्यांनी प्रत्येक आकाराची व्याख्या आधी गणितात लिहिली, मग संगणकाला शोधायला लावलं, आणि आकार पूर्ण झाल्यानंतर तीन दिवस थांबून पुढचा परतावा मोजला, कारण शेवटचं वळण त्याआधी कळत नाही हे त्यांनी मान्य केलं होतं. काही आकारांत थोडी माहिती असते असं त्यांना आढळलं. त्यातून दलाली आणि कर वजा जाता नफा उरतोच असा त्यांचा दावा नव्हता. बाणवाल्या लेखांत यातलं व्याख्येचं कष्टाचं काम गाळलेलं असतं आणि निष्कर्ष तेवढा दसपट मोठा केलेला असतो.

तेव्हा विनंती एकच. यापुढे आलेख छापाल तेव्हा तो छपाईच्या दिवशीच संपू द्या. लेखकाला आकाराचं नाव लिहू द्या, आणि कोणत्या भावाखाली बंद झाल्यास आपलं म्हणणं चुकलं असं धरायचं, तो आकडाही छापा. तीन महिन्यांनी तोच आलेख पुढच्या भावांसह, बरोबर ठरो वा चूक, त्याच पानावर पुन्हा द्या. जागा कमी पडत असेल तर मागे वळून काढलेले बाण वगळा, पुरेशी जागा होईल.

आपला,
एक वाचक व व्यापारी
मिरजगाव, ता. कर्जत, जि. अहिल्यानगर