एक जूनचा जन्म, एकतीस मेची निवृत्ती

मे महिना संपत आला की छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हा परिषदेत, शाळांत आणि तहसील कचेऱ्यांत निरोप समारंभांची रांग लागते. ३१ मे रोजी निवृत्त होणाऱ्यांपैकी अनेकांच्या सेवापुस्तकात जन्मतारीख एकच असते, १ जून. मराठवाड्यात याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. पैठण, गंगापूर, सिल्लोडच्या खेड्यांत मुलाच्या जन्माची नोंद कुठेच नसे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदाच १९६९ सालचा. शाळा जूनमध्ये सुरू होई, पहिलीत घालायचे तर वय हवे. मग गुरुजी अंदाजाने साल धरीत आणि पुढे १ जून लिहून टाकीत.

पण जन्म एक जूनचा, तर निवृत्ती एकतीस मेला का? अठ्ठावन्न वर्षे तर १ जूनला पूर्ण होतात, असे कुणीही म्हणेल. कायद्याचे गणित निराळे आहे. जन्माचा दिवस हा वयाचा पहिला पूर्ण दिवस. मूल सकाळी जन्मले की रात्री, कायदा दिवसाचे तुकडे करत नाही. त्या हिशेबाने पहिले वर्ष पुढच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, मध्यरात्री संपते.

सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये प्रभुदयाल सेसमा यांच्या खटल्यात हेच सांगितले. राजस्थानच्या सेवा परीक्षेसाठी १ जानेवारी १९८४ रोजी उमेदवाराने अठ्ठाविसावे वर्ष पूर्ण केलेले नसावे, अशी अट होती. सेसमांचा जन्म २ जानेवारी १९५६ चा. वाढदिवस एक दिवसावर होता, म्हणून आपण पात्र आहोत असे त्यांना वाटले. न्यायालय म्हणाले, १ जानेवारीचा दिवस संपताच अठ्ठावीस वर्षे पूर्ण झाली. ते अपात्र ठरले.

निवृत्तीचा नियम असा की ज्या महिन्यात ठरलेले वय पूर्ण होते, त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी कर्मचारी निवृत्त होतो. महाराष्ट्रात चतुर्थ श्रेणी वगळता हे वय अठ्ठावन्न आहे. आता शेजारी बसणारे दोन लिपिक घ्या. एकाची नोंद १ जून १९६८ ची, दुसऱ्याची २ जून १९६८ ची. पहिल्याचे वय ३१ मे २०२६ ला पूर्ण होते, महिना मे धरला जातो, आणि तो त्याच दिवशी घरी जातो. दुसऱ्याचे १ जूनला पूर्ण होते, म्हणून तो ३० जूनपर्यंत नोकरीत राहतो. एका दिवसाच्या फरकाने एक महिन्याचा पगार गेला.

तोटा इथे थांबत नाही. ज्यांची वार्षिक वेतनवाढ १ जुलैला असते, त्यांच्यापैकी ३० जूनला निवृत्त होणाऱ्याची वर्षभराची सेवा झालेली असते, म्हणून ती वाढ निवृत्तिवेतनासाठी धरली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये कर्नाटकच्या एका वीज कंपनीच्या प्रकरणात ठरवले. ३१ मेला गेलेल्याची मात्र अकराच महिन्यांची सेवा झालेली असते. मूळ वेतन ६०,००० असेल तर तीन टक्क्यांची वाढ १,८०० रुपयांची आणि जुन्या योजनेत निवृत्तिवेतन तिच्या निम्म्याने, म्हणजे दरमहा ९०० रुपयांनी कमी, तेही आयुष्यभर.

जन्मतारीख दुरुस्त करावी म्हटले तर राज्याच्या नियमानुसार नोकरीत लागल्यापासून पाच वर्षांनंतर तसा अर्ज सहसा विचारात घेतला जात नाही. हे बंधन समजण्यासारखे आहे. नाहीतर निवृत्तीच्या तोंडावर सगळेच नवे दाखले आणतील.

मला खटकते ते हे, की इतके काटेकोर गणित एका अंदाजाच्या तारखेवर चालते. मध्यरात्रीचा क्षण तोच. तो सरत्या दिवसात घालायचा की उगवत्या, हा निवडीचा प्रश्न आहे, निसर्गाचा नव्हे. आपल्याच १८७५ च्या सज्ञानता कायद्यात माणूस अठराव्या वाढदिवसाच्या आरंभी सज्ञान होतो, आदल्या दिवशी नाही. ज्या इंग्लंडकडून ही आदल्या दिवसाची मोजणी आली, त्यांनीही १९६९ मध्ये कायदा करून ती सोडली आणि वय वाढदिवसाच्या आरंभी पूर्ण होते असे ठरवले. जपानमध्ये मात्र ती अजून आहे. तिथे १ एप्रिलला जन्मलेले मूल त्यामुळे आधीच्या वर्षाच्या वर्गात बसते.

म्हणून न्यायालयांना दोष देण्यात अर्थ नाही. नियमात जे आहे तेच ते वाचतात. बदल राज्य सरकारने करायचा आहे आणि तो एका ओळीचा आहे: ज्या महिन्यात अठ्ठावन्नावा वाढदिवस येतो, त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्ती. पगाराचा भार वाढेल, पण फक्त पहिल्या तारखेला जन्मलेल्यांपुरता आणि एका महिन्यापुरता. मराठवाड्यात त्या तारखेचे लोक इतके का आहेत, हे सरकारी शाळांच्याच प्रवेश रजिस्टरांतून दिसते. तो अंदाज त्यांनी केलेला नव्हता. त्याची किंमत त्यांनी का मोजावी?