पी३ अडकलेली नव्हती

ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात प्रश्न होता: प्रिंटर एकच, जास्त प्राधान्याची कामं सतत येताहेत, कमी प्राधान्याची पी३ रांगेतच आहे, ही स्थिती ओळखा. एका विद्यार्थिनीनं ‘डेडलॉक’ लिहिलं, मी शून्य दिलं. “सर, पी३ कायमची थांबली ना? मग चुकलं काय?” दोष आम्हा शिकवणाऱ्यांचा. डेडलॉक म्हणजे ‘अनंत काळ वाट पाहणं’ असं आम्हीच फळ्यावर लिहितो. तरी उत्तर चूकच आहे.

डाइक्स्ट्राची ‘जीवघेणी मिठी’ आणि १९७१ मधल्या कॉफमन व सहकाऱ्यांच्या चार अटी सर्वांना पाठ असतात. मधलं १९६६ सालचं क्नुथचं पत्र मात्र कुणी नीट वाचत नाही. अनेक प्रोसेसपैकी एका वेळी एकीनंच क्रिटिकल सेक्शनमध्ये जावं, यासाठी डाइक्स्ट्रानं १९६५ मध्ये अल्गोरिदम दिला होता. कुणीतरी आत जाणारच, हे त्यानं सिद्ध केलं होतं. क्नुथनं दाखवलं की बाकीच्या पुन्हापुन्हा पुढे घुसत राहिल्या, तर एखादी बाहेरच राहू शकते. याकडे डाइक्स्ट्राची चूक काढली म्हणून पाहतात. मला ते पटत नाही. सिद्धता बरोबरच होती. ‘कुणीतरी पुढे जाईल का?’ आणि ‘प्रत्येकीची पाळी येईल का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे त्या पत्रानं उघड केलं. पहिल्याचं उत्तर ‘हो’ असूनही दुसऱ्याचं ‘नाही’ असू शकतं, तेच स्टार्व्हेशन.

आता पी३ कडे पाहा. नवी कामं येणं थांबवलं, की थोड्या वेळानं तिची पानं छापून येतील. तिनं दुसरं काही धरूनही ठेवलेलं नाही, म्हणजे ‘होल्ड अँड वेट’ इथं नाहीच. पी१ नं प्रिंटर धरून स्कॅनर मागितला आणि पी२ नं स्कॅनर धरून प्रिंटर, तर बाकी सगळं मशीन रिकामं केलंत तरी दोघी तशाच राहतील. वाट पाहणाऱ्याचं प्राधान्य हळूहळू वाढवणारं एजिंग पी३ ला सोडवतं. या दोघींना त्याचा काही उपयोग नाही.

पुढच्या प्रश्नात त्या विद्यार्थिनीनं डेडलॉकच्या तीनच अटी लिहिल्या होत्या. ‘नो प्रीएम्प्शन’ राहिली होती. तिथंही मी गुण दिले नाहीत. चौथी अट का लागते, हे तिला मेमरीवर दाखवलं. दोन प्रोसेसनी मेमरी वाटून घेतली आहे, दोघींना आणखी हवी आहे, मोकळी काहीच नाही. तिच्या तिन्ही अटी इथं पुऱ्या होतात. पण सिस्टिम एकीची पानं डिस्कवर हलवते, दुसरी काम संपवते, मग पहिली परत येते. अर्ध्यावर छापलेला कागद असा काढून घेता येत नाही. तिनं वही उघडली आणि प्रिंटरची आकृती पुन्हा काढायला घेतली.