निकष आधी, मांडव नंतर

इमारतीचा किंवा समारंभाचा आराखडा तयार करताना पाणी, कचरा आणि वीज यांसंबंधीच्या अटी त्यात अगोदरच घालाव्यात, की काम उभे राहिल्यावर त्यांची तजवीज करावी, हा प्रश्न वरवर पाहता सोयीचा वाटतो. परंतु धार आणि देवास या पवारांच्या दोन जुन्या संस्थानांच्या परिसरात त्याची दोन्ही उत्तरे प्रत्यक्ष उभी आहेत. धार जिल्ह्यातील मांडूच्या पठारावर नदी नसल्यामुळे पावसाचे पाणी साठवणे हाच वस्तीचा आधार होता. म्हणूनच मुंज आणि कपूर या दोन तलावांच्या मध्ये उभ्या असलेल्या जहाज महालात गच्चीवरचे पाणी वाहून नेणारे पन्हळ वास्तूच्या रचनेतच घेतलेले दिसतात.

देवासला हे उशिरा सुचले. 1990 च्या सुमारास ज्या शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे जिल्हा प्रशासनाने पुढे छतावरचे पाणी घरोघरच्या कूपनलिकांत सोडण्याची मोहीम हाती घेतली. त्यासाठी 140 मिलिमीटर व्यासाच्या आणि सुमारे सव्वा मीटर लांबीच्या प्लास्टिक नळीत वेगवेगळ्या आकारांच्या खड्यांचे तीन कप्पे करून एक स्वस्त गाळणी तयार करण्यात आली, जी ‘देवास फिल्टर’ या नावाने ओळखली जाते. ही युक्ती कौतुकास्पद असली तरी तिची मर्यादा स्पष्ट आहे: खडे पालापाचोळा आणि गाळ अडवतात, जंतू किंवा पाण्यात विरघळलेली घाण अडवत नाहीत, आणि पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडण्याची सोय नसेल तर छतावरची घाण थेट भूजलात जाऊ शकते. शिवाय मुळात छताचा उतार चार दिशांना काढलेला असल्यास चार नळ एकत्र आणण्यासाठी तोडफोड करावी लागते. नकाशावर तोच उतार एका रेघेने बदलता आला असता.

समारंभ एका रात्रीत संपत असल्यामुळे तेथे नंतरची दुरुस्ती तर शक्यच नसते. समजा, उन्हाळ्यात देवासमध्ये 500 पाहुण्यांचे लग्न आहे. कचरा टाळायचा म्हणून स्टीलची ताटे घ्यावीत हे नेहमीचे उत्तर. पण एका ताट-वाटीच्या संचाला 3 लिटर पाणी धरले, तरी धुण्यासाठी 1500 लिटर लागतात, आणि टँकरवर विसंबणाऱ्या वस्तीत कचऱ्याचा निकष पाण्याच्या निकषावर कुरघोडी करतो. माळव्यात पळसाच्या पानांची पत्रावळ येथे अधिक शहाणपणाची ठरते, कारण ती उष्ट्यासह खतात जाते. मात्र खरेदीच्या कागदावर नुसते ‘पत्रावळ’ लिहून भागत नाही. बाजारात पत्रावळ म्हणून जी कागदी थाळी मिळते, तिच्यावर बहुधा प्लास्टिकचा पातळ थर असतो. ती फाडून पाण्यात भिजवली असता कागदाचा लगदा होतो आणि पापुद्रा तसाच उरतो, ही परीक्षा घरीही करता येते. अशा थाळ्या ओल्या कचऱ्यात मिसळल्या की सगळे खत बिघडते आणि वेगळे करण्याचे श्रम वाया जातात.

विजेचेही असेच आहे. मांडवाचा कंत्राटदार सवयीने मोठे जनित्र आणतो, म्हणजे डिझेलवर वीज तयार करणारे यंत्र. समजा त्याची क्षमता 50 किलोवॉट असून दिवे, पंखे आणि ध्वनिक्षेपक मिळून भार 12 किलोवॉटच आहे. इतक्या कमी भारावर इंजिन नीट तापत नाही, इंधन अर्धवट जळते, धुराड्याच्या तोंडाशी काळा तेलकट थर बसतो आणि दर युनिटमागे डिझेल जास्त लागते. उपकरणांची यादी करून, प्रत्येकाचे वॉट मांडून, जनित्राचा आकार करारात ठरवला तर बचत होते. उलट केवळ जनित्राऐवजी तात्पुरती वीजजोडणी घेतल्याने प्रश्न सुटला असे मानणे भाबडेपणाचे होईल, कारण आपल्या देशातली बरीच वीज अजून कोळशावर तयार होते. आधी भार कमी करणे आणि मग स्रोत निवडणे, हाच क्रम योग्य.

निकष म्हणजे अशी अट, जी मोजता येते, कोणाकडे तरी सोपवलेली असते आणि जिच्यावर पैशाची अदायगी अवलंबून असते. ‘कचरा कमी करावा’ ही सदिच्छा झाली. ‘ओला व सुका कचरा वेगळा वजन करून दिल्याशिवाय केटररचा शेवटचा हप्ता मिळणार नाही’ हा निकष झाला.

घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांनी परवाना नसलेल्या जागी 100 हून अधिक लोकांचा कार्यक्रम करणाऱ्यांनी स्थानिक संस्थेला किमान 3 कामकाजाचे दिवस आधी कळवावे आणि कचऱ्याचे वर्गीकरण करावे, असे बंधन घातले. नियम योग्य आहे, पण तीन दिवस आधी थाळ्या विकत घेऊन झालेल्या असतात, जनित्राचा विसार दिलेला असतो आणि केटररचा करार झालेला असतो. त्यामुळे सूचनेची ही मुदत साफसफाईसाठी पुरेशी आणि नियोजनासाठी निरुपयोगी ठरते. या अटी घालण्याची खरी वेळ मंगल कार्यालयाची तारीख ठरवतानाचीच आहे.