यादी आणि बिलं

गिरगाव

चि. भाचीबाईस,

रविवारी जेवताना तू मॅनेजरला पाठवलेला मेल दाखवलास. उत्तरात त्यांनी 'ग्रामर बघा' एवढंच लिहिलं, कुठे चुकलं ते सांगितलं नाही, म्हणून तू रुसली होतीस. मी फोर्टातल्या एका कचेरीत बरीच वर्षं दुसऱ्यांची पत्रं तपासली आहेत, त्यामुळे माझ्या हाताची खाज काही जाईना. तुझी चार वाक्यं अशी होती: 'द लिस्ट ऑफ पेंडिंग बिल्स आर अटॅच्ड. वन ऑफ द व्हेंडर्स हॅव नॉट रिप्लाइड. सर हॅव अप्रूव्ड द बजेट. देअर इज टू बिल्स विदाउट अ जीएसटी नंबर.' चारही ठिकाणी कर्ता एका वचनात आणि क्रियापद दुसऱ्या वचनात आहे.

पहिलं वाक्य घे. हेच मराठीत म्हण: 'थकलेल्या बिलांची यादी जोडली आहे.' इथे तू चुकूच शकत नाहीस, कारण 'बिलांची' हा शब्द आधी येऊन जातो आणि 'यादी' क्रियापदाला खेटून बसते. इंग्रजीत रांग उलटी लागते. लिस्ट आधी, मग ऑफ, मग बिल्स, आणि बिल्सच्या शेजारी क्रियापद. शेजारच्या शब्दाचं वचन उचलायचं ही आपल्या कानाची जुनी सवय. मराठीत ती उपयोगी पडते, इंग्रजीत ती फसवते. माझ्या हाताखालचे निम्मे कारकून इथेच अडखळायचे, आणि कधी घाईत मीसुद्धा.

उपाय असा. 'ऑफ'पासून क्रियापदापर्यंतचा तुकडा बोटाने झाक आणि उरलेलं मोठ्याने वाच. 'द लिस्ट... आर अटॅच्ड.' लगेच टोचतं ना? मग 'इज' कर. दुसऱ्या वाक्यातही तेच: 'वन... हॅव' असं उरतं, म्हणून 'हॅज'. 'ऑफ'ऐवजी 'अलाँग विथ' असलं तरी बोट तसंच ठेव.

बोट एका ठिकाणी मात्र फसतं, तेही सांगून ठेवते. 'अ नंबर ऑफ बिल्स आर पेंडिंग' हे बरोबर आहे, कारण तिथे 'अ नंबर ऑफ' म्हणजे नुसतं 'बरीच'. पण 'द नंबर ऑफ बिल्स इज ट्वेल्व्ह' म्हणताना तू आकड्याबद्दल बोलतेस, म्हणून एकवचन. 'अ' की 'द' ते बघ, मग ठरव.

तिसरं वाक्य वाचून मला हसू आलं, कारण त्यात तुझे संस्कार दिसतात. आपण 'सर आला' म्हणत नाही, 'सर आले' म्हणतो. आदराचं अनेकवचन जिभेत मुरलेलं आहे. इंग्रजीत क्रियापदातून आदर दाखवायची सोयच नाही. सर कितीही मोठे असोत, माणूस एकच, म्हणून 'सर हॅज अप्रूव्ड'. सरांना राग येणार नाही. 'एव्हरीवन'चंही असंच होतं. आपण 'सगळे आले' म्हणतो, पण इंग्रजी तो शब्द एकवचनी धरतं. टीमला मात्र काही इंग्रज लेखक अनेकवचनीही धरतात. तू एकदा 'इज' लिहिलंस तर पुढे त्याच मेलमध्ये 'आर' लिहू नकोस, एवढं पुरे.

चौथ्या वाक्यात दोष घाईचा. 'देअर इज' हे आपल्या बोटांना जोडशब्दासारखं पाठ झालेलं असतं. ते टाइप झाल्यावर मागून दोन बिलं येतात. तिथे 'देअर आर' करता येईल, पण मी ते वाक्यच मोडलं असतं: 'टू बिल्स हॅव नो जीएसटी नंबर.' कर्ता पुढे आणला की क्रियापद आपोआप जागेवर येतं, आणि मॅनेजरला मुद्दाही आधी कळतो.

पूर्ण मेल पुन्हा पुन्हा वाचत बसू नकोस. आपलंच लिहिलेलं वाचताना डोळा घसरत जातो. इज-आर, हॅज-हॅव, वॉज-वेअर, डझ-डू एवढेच शब्द शोध आणि प्रत्येकापाशी थांबून विचार, 'कोण?' वर्तमानकाळाचं क्रियापद असेल तर शेवटचा 'एस'ही बघ. 'सेंट', 'रिसीव्ड' यांना वचनाचं काही देणंघेणं नाही, ती सोडून दे. पाच ओळींच्या मेलमध्ये अशा जागा फार तर सहा-सात निघतात.

आता तोच मेल असा होतो: 'द लिस्ट ऑफ पेंडिंग बिल्स इज अटॅच्ड. वन ऑफ द व्हेंडर्स हॅज नॉट रिप्लाइड. सर हॅज अप्रूव्ड द बजेट. टू बिल्स हॅव नो जीएसटी नंबर.'

उद्या परळच्या ऑफिसात पोचलीस की पाठवण्याआधी मला फोनवर वाचून दाखव. अकरापर्यंत मी घरीच आहे.

तुझी,
मावशी