आत्याला द्यायचं उत्तर तिला का दिलंस?

बस. आज मी बोलणार आहे आणि तू ऐकणार आहेस. काल रात्री तू होणाऱ्या बायकोशी जे बोललास ते तूच मला फोनवर सांगितलंस आणि वर विचारलंस, "बाई, यात माझं काय चुकलं?" म्हणून बोलावलं तुला.

आधी काय घडलं ते सरळ मांडू. तुम्ही दोघांनी विशेष विवाह कायद्याखाली नोटीस दिलीत. त्या नोटिशीत नावं असतात, पत्ते असतात, वयं असतात, आणि ती तीस दिवसांच्या मुदतीसाठी कार्यालयाच्या फलकावर लागते. तुझ्या आतेभावाने त्या नोटिशीचा फोटो काढून घराण्याच्या ग्रुपवर टाकला. तुझं वय ३७, तिचं ३९. संध्याकाळपर्यंत आत्याने चार घरी फोन केले. मुलगी मोठी आहे, एवढी वर्षं का राहिली, काहीतरी असणारच, आणि आता मूल होणार का. हे सगळं तू आत्याच्या तोंडून ऐकलंस, शेवटी "हो ना, बघू" म्हणालास, फोन ठेवलास, आणि रात्री तेच शब्द जसेच्या तसे तिला ऐकवलेस. ती गप्प झाली तर म्हणालास, "एवढं मनाला का लावून घेतेस?"

आत्या तिच्यापर्यंत पोचली नव्हती, तिचा नंबरसुद्धा आत्याकडे नाही. ते बोलणं तिच्या खोलीत नेलं कोणी? तू. आत्यापुढे तुझी मान खाली होती आणि तिच्यापुढे तुझा आवाज चढला. जिथे बोलायला हवं होतं तिथे गिळलास तो राग, आणि जिच्याकडून उलट उत्तर येणार नाही अशी खात्री होती तिच्यावर काढलास. याला मन मोकळं करणं म्हणू नकोस.

तू म्हणतोस, मी आत्याला समजावून पाहिलं. काय समजावलंस? बाबांचं आजारपण, घराचं कर्ज, मग ताईचं लग्न, म्हणून उशीर झाला. सगळं खरं आहे, मला ठाऊक आहे. पण त्यावर आत्याने काय विचारलं? "ताईचं लग्न होऊन पाच वर्षं झाली, मग?" तू त्याचंही कारण दिलंस, मग त्याच्यावर पुढचा प्रश्न आला. कारण द्यायला लागलास की समोरच्याला ते तपासायचा अधिकार तूच देतोस. अरे, ज्या कायद्याखाली नोटीस दिलीस तो तरी नीट वाचलास का? त्या नोटिशीवर हरकत घ्यायची मोजकीच कारणं त्यात आहेत. आधीचा जोडीदार हयात असून ते लग्न मोडलेलं नसणं, संमती देण्याइतकी मानसिक स्थिती नसणं, मुलगा २१ किंवा मुलगी १८ वर्षांखालची असणं, निषिद्ध नात्यात असणं. उशीर झाला, मुलगी मोठी आहे, लोक काय म्हणतील, यातलं एकही तिथे नाही. सरकारी अधिकाऱ्याला जे विचारता येत नाही, त्याचा खुलासा तू आत्याला तासभर देत बसलास.

आत्याशी एकच वाक्य बोलायचं. "आत्या, आमचं ठरलंय, तारीख कळवीन, तुम्ही यायचं." परत विचारलं तर तेच वाक्य, तेवढ्याच शांत आवाजात. तिच्या वयाबद्दल किंवा मुलाबद्दल बोलल्या तर दुसरं वाक्य, "तिच्याबद्दल असं बोललेलं मला चालणार नाही," आणि मग फोन ठेवायचा. पहिल्यांदा आत्या रागावतील. दुसऱ्यांदा तुझ्या आईकडे तक्रार करतील. ते होऊ दे. तुझ्या बाजूच्या नातेवाइकांना उत्तर तू द्यायचंस, तिच्या बाजूच्यांना तिने. तिचा मामा काही बोलला तर तू मध्ये पडायचं नाहीस, आणि तुझ्या आत्याला तिने तोंड द्यावं अशी अपेक्षा धरायची नाहीस.

म्हणजे तिच्यापासून सगळं लपवायचं का? नाही. आज लपवशील आणि उद्या हळदीच्या दिवशी एखादी काकू तोंडावर बोलली की तिला दोन धक्के बसतील, एक त्या शब्दांचा आणि दुसरा तुला माहीत होतं याचा. जे तिच्या समोर येण्याची शक्यता आहे तेवढं सांग. पण आधी तू उत्तर दे, मग सांग. "नोटिशीचा फोटो ग्रुपवर गेलाय, वयावरून चर्चा झाली, मी आत्याशी बोललो, फोटो काढून टाकायला लावला." इतकं पुरे. कोण कुठल्या शब्दांत काय म्हणालं याची उजळणी तिला नको आहे.

आणि राग आलाच असेल, तर तसं सांग. "मी चिडलोय, तुझ्यावर नाही. अर्ध्या तासाने बोलू." बाहेर चक्कर मार. धडधड वाढलेली असताना समोरच्याचं वाक्य धड ऐकूही येत नाही, आणि अंग निवायला वीसेक मिनिटं तरी लागतात. त्या वेळात मनातल्या मनात भांडण चालू ठेवलंस तर चक्कर फुकट गेली. आणि अर्ध्या तासाने परत यायचं म्हणजे यायचं. सांगून निघून जाणं आणि न परतणं हा अबोलाच झाला.

आई वेगळी. तिला आत्याच्या रांगेत बसवू नकोस. भिशीला, हळदीकुंकवाला, जिन्यावर, प्रत्येक ठिकाणी तिलाच विचारतात, आणि तिच्याकडे द्यायला उत्तर नसतं, कारण तू तिला दिलेलं नाहीस. तिच्याजवळ बस. ती कशाला घाबरते ते विचार. आत्याला सांगायचं तेच वाक्य तिलाही शिकव, म्हणजे तिला खोटं बोलावं लागणार नाही.

राहता राहिला मुलाचा प्रश्न. आत्याने विचारला म्हणून तो वाईट झाला, पण प्रश्न खरा आहे आणि तो तुम्हा दोघांचा आहे. तो आत्याच्या आवाजात तिच्यापुढे टाकलास हा कालचा सगळ्यात मोठा अपराध. वय वाढतं तशी गर्भधारणेची शक्यता कमी होते, हे तिला तुझ्याआधी माहीत आहे. मूल हवं आहे का, हे आधी एकमेकांना विचारा. हवं असेल तर पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून राहिलं नाही की डॉक्टरांकडे जातात, वर्षभर थांबत नाहीत, आणि चाळिशी ओलांडली की तेवढंही थांबत नाहीत. तुमच्या बाबतीत चाळिशी दाराशी आहे, तेव्हा लग्नाआधीच एकदा सल्ला घेतलात तरी चालेल. पण तिला एकटीला पाठवलंस तर माझ्याशी गाठ आहे. वीर्यतपासणी ही साधी तपासणी असते आणि ती पहिल्याच टप्प्यात करतात. पहिल्या भेटीला तू बरोबर जायचं, तुझीही तपासणी व्हायची. निकाल काय आला ते कुठल्याही ग्रुपवर, कुठल्याही आत्याला, आईलासुद्धा, तिच्या परवानगीशिवाय कळता कामा नये.

आता ऊठ. आतेभावाला फोन लाव, माझ्यासमोर. फोटो आज काढून टाक म्हणावं. मग आत्याला. मग घरी जा आणि तिची माफी माग, आणि मागताना "पण" हा शब्द काढू नकोस. तिने लगेच बोलावं असा हट्ट धरू नकोस, तिला हवा तेवढा वेळ घेऊ दे.